एका पायरीत एकच काम, आणि बटणाचं नाव पडद्यावर आहे तसंच

प्रश्न: ताई, मी तासगावजवळच्या एका दूध संस्थेत आहे. आमच्या प्रोग्रॅममधून सभासदांची सीएसव्ही यादी निघते. ती LibreOffice Calc मध्ये कशी उघडायची हे मी गावोगावच्या केंद्रांना लिहून दिलंय: ‘फाइल ओपन करून इम्पोर्टच्या विंडोमध्ये योग्य ती सेटिंग निवडून, मराठी फॉन्ट व सभासद क्रमांक व्यवस्थित येत असल्याचे पाहून ओके करावे.’ तरी रोज फोन येतात. कुणाची नावं विचित्र दिसतात, कुणाची क्रमांकातली शून्यं जातात. हे नीट कसं लिहू?

उत्तर:

तुमचं वाक्य मोठ्यानं वाचून पाहा आणि प्रत्येक ‘ऊन’ला एक बोट मोजा. ‘ओपन करून’, ‘निवडून’, ‘पाहून’, आणि शेवटी ‘करावे’. कागदावर चारच कामं दिसतात. पण माउस हातात घेऊन तीच वाट चाललात तर अकरा थांबे लागतात, कारण ‘योग्य ती सेटिंग’ या तीन शब्दांत बरेच क्लिक दडलेत. ते तुमच्या हाताला पाठ आहेत म्हणून लिहिताना तुम्हाला दिसले नाहीत. केंद्रावरच्या माणसाला मात्र नेमके तेवढेच माहीत नाहीत.

मराठीत ‘ऊन’ची माळ ओवायला फार सोपी. ‘बाजारात जाऊन, भाजी घेऊन, आईकडे डोकावून आलो’ हे ऐकायला गोड लागतं, कारण ऐकणाऱ्याला त्यातलं काही करायचं नसतं. पायरी वाचणारा करतोय. तो अर्धं वाक्य वाचतो, मान उचलून पडद्याकडे बघतो, क्लिक करतो आणि पुन्हा कागदाकडे येतो. परत येताना नजर वाक्याच्या मध्यावर उतरत नाही. ती आकड्यावर उतरते.

हे मला सांगलीच्या मार्केट यार्डात कळलं. हळदीच्या एका अडत दुकानासाठी बिलाच्या प्रोग्रॅमची पुस्तिका मी लिहिली होती. तिथले वयस्कर दिवाणजी ती समोर ठेवून काम करायचे. डाव्या हाताचं बोट पायरीच्या आकड्यावर, उजवा हात माउसवर. एक काम झालं की बोट खालच्या आकड्यावर. माझी चौथी पायरी होती: ‘वजन टाकून तोलाई तपासून सेव्ह करा.’ त्यांनी वजन टाकलं, बोट पाचवर नेलं. तोलाई राहिली आणि सेव्हही राहिलं. मी मागे उभी होते. चूक त्यांची नव्हती. त्यांचं बोट अगदी बरोबर चाललं होतं, मी मात्र एका आकड्याखाली तीन कामं कोंबली होती. त्या दिवसापासून मी पायरी लिहिते ती त्या बोटासाठी.

आता तुमची यादी घेऊ.

आधी एक शब्द काढून टाका: ‘मराठी फॉन्ट’. ‘Text Import’ नावाच्या त्या विंडोत फॉन्ट नावाची गोष्टच नाही. तिथे आहे ‘Character set’. तुमच्या कागदावर फॉन्ट वाचलं की माणूस ती विंडो तशीच ओके करतो, यादी उघडतो आणि मग वरच्या पट्टीत फॉन्टची नावं बदलत बसतो. दहा फॉन्ट बदलले तरी नाव सुधारत नाही, कारण बिघाड अक्षराच्या वळणात नाही, फाइलमधले बाइट कसे वाचायचे त्यात आहे. UTF-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. ‘श’चे तीन बाइट जर Calc ने पश्चिम युरोपच्या संचाने वाचले तर त्याची तीन वेगळी चिन्हं होतात:

```
à¤¶
```

म्हणून फोनवर कुणी ‘विचित्र’ म्हणालं तर एवढंच विचारा, ‘à¤’ ही जोडी पुन्हा पुन्हा दिसतेय का? दिसत असेल तर फाइल धडधाकट आहे, फक्त ‘Character set’ चुकलाय. हीच खूण पायरीतही लिहायची.

गोष्टीचं नाव पडद्यावर जसं आहे तसंच आणि त्याच लिपीत द्यायचं, हा माझा आग्रह इथूनच येतो. ‘अक्षरसंच निवडा’ असं शुद्ध मराठीत लिहिलं तर वाचणारा पडद्यावर ‘अक्षरसंच’ शोधतो. ‘कॅरेक्टर सेट’ असं देवनागरीत लिहिलं तरी त्याला मनात उच्चार करून इंग्रजी अक्षरं जुळवावी लागतात. इंग्रजी फारसं न वाचणारा माणूससुद्धा आकारावरून ‘Character set’ ओळखतो, कागदावरचं चित्र आणि पडद्यावरचं चित्र एकच असलं की झालं. बाकी सगळं वाक्य मराठीत ठेवा, फक्त नाव जसंच्या तसं, अवतरणात. नावापुढचे तीन टिंब तेवढे सोडून द्या. मेनूत ‘Open…’ असं असलं तरी कागदावर ‘Open’ पुरतं. एखाद्या केंद्रावर Calc चा चेहरामोहराच मराठी असेल, तर तिथल्या कागदावर तिथली मराठी नावं हवीत. दोन्ही नावं एकाच कागदावर कोंबू नका, दोन कागद करा.

नुसत्या नावानंही भागत नाही. तुमच्या वाटेत ‘Open’ दोनदा येतं: एकदा ‘File’ मेनूतल्या यादीत, एकदा फाइल निवडायच्या विंडोत खाली. ‘Text’सुद्धा दोनदा येतं, विंडोच्या मथळ्यात आणि रकान्याच्या प्रकारात. म्हणून नावाआधी जागा आणि नावानंतर वस्तू सांगायची: ‘विंडोच्या खाली असलेल्या ‘Open’ बटणावर क्लिक करा.’ इथे मराठी आपल्या बाजूने आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नजर आधी जागेवर जाते, मग नावावर, आणि तिथे पोचल्यावर काय करायचं ते कळतं. माउसही याच क्रमाने चालतो. ‘क्लिक करा Open बटणावर’ असं उलटं कुणी लिहिलं की मी ते सुलटं करून घेते.

आता शून्यांकडे येऊ, कारण एका पायरीत एकच काम का हवं ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

सभासद क्रमांक 00417 असेल तर Calc तो आकडा समजतो आणि 417 करून टाकतो. ते टाळायचं तर उघडण्याआधीच त्या रकान्याला ‘Text’ करावं लागतं. बहुतेक जण हे एका वाक्यात लिहितात: ‘सभासद क्रमांकाच्या रकान्याचा ‘Column type’ ‘Text’ करा.’ वाक्य खरं आहे, नावंही बिनचूक आहेत, आणि तरी वाचणारा अडतो. तो ‘Column type’ शोधतो, त्याला ते सापडतं, पण ती यादी फिकी असते आणि क्लिक केलं तरी उघडत नाही. कारण आधी खालच्या तक्त्यात रकाना निवडावा लागतो, त्याशिवाय ती यादी जागी होत नाही. वाक्यात रकान्याचा उल्लेख आहे, पण रकान्यावर क्लिक करण्याचा नाही. ‘रकान्याचा’ या षष्ठीत एक अख्खं काम गायब झालंय. ‘ऊन’ निदान कानाला लागतो, हे तर लागतही नाही. म्हणून ‘चा, ची, चे’पाशी थांबून विचारा, ही वस्तू हातात घेण्यासाठी आधी कुठे क्लिक करावं लागतं? उत्तर निघालं तर तिथे नवा आकडा.

तिसरी अडचण टिकच्या चौकोनांची. त्या विंडोत ‘Separated by’च्या खाली ‘Tab’, ‘Comma’, ‘Semicolon’, ‘Space’ आणि ‘Other’ असे चौकोन असतात. तुम्ही लिहाल, ‘‘Comma’वर क्लिक करा.’ तुमच्या संगणकावर ते बरोबर ठरेल. पण Calc मागच्या वेळची निवड लक्षात ठेवतो. ज्याच्याकडे ‘Comma’ला आधीच टिक आहे त्याने तुमचं ऐकून क्लिक केलं की टिक निघून जाते आणि सगळी ओळ एकाच रकान्यात गोळा होते. त्याने शब्द न् शब्द पाळला आणि काम बिघडलं. म्हणून चौकोनासाठी ‘क्लिक करा’ कधीच लिहू नये. शेवटी काय दिसायला हवं ते लिहावं: ‘टिक नसेल तर लावा’, ‘टिक असेल तर काढा’. ‘टिक करा’ हा शब्दही मी वापरत नाही, कारण त्यातून लावायची की काढायची ते कळत नाही. आणि ‘Space’ची टिक राहिली तर आडनाव एका रकान्यात आणि नाव दुसऱ्यात जातं, तेव्हा ती काढायला सांगणारी पायरी वेगळी हवीच.

एवढं धरून मी तुमची पायरी अशी लिहीन. फाइलचं नाव मी `sabhasad.csv` धरलंय आणि क्रमांक पहिल्या रकान्यात आहे असं धरलंय. तुमच्याकडे वेगळं असेल तर ते बदला.

LibreOffice Calc आधी उघडा. फाइलवर डबल क्लिक करू नका, ती दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडू शकते.

१. वरच्या मेनूपट्टीत ‘File’वर क्लिक करा.

२. उघडलेल्या यादीत ‘Open’वर क्लिक करा.
फाइल निवडायची विंडो उघडते.

३. डाव्या बाजूच्या ‘Downloads’वर क्लिक करा.

४. `sabhasad.csv` या फाइलवर एकदाच क्लिक करा.

५. विंडोच्या खाली असलेल्या ‘Open’ बटणावर क्लिक करा.
‘Text Import’ नावाची विंडो उघडते. तिच्या खालच्या भागात यादीच्या पहिल्या काही ओळींचा तक्ता दिसतो.

६. ‘Character set’च्या यादीतून ‘Unicode (UTF-8)’ निवडा.
तक्त्यातली नावं मराठीत दिसतात. ‘à¤’ असं दिसत असेल तर दुसरंच काही निवडलं गेलंय, हीच पायरी पुन्हा करा.

७. ‘Separated by’च्या खाली ‘Comma’च्या चौकोनात टिक नसेल तर लावा.

८. ‘Tab’, ‘Semicolon’, ‘Space’ आणि ‘Other’ यांपैकी ज्या चौकोनात टिक असेल ती काढा.
तक्त्यात क्रमांक, नाव आणि गाव वेगवेगळ्या रकान्यांत दिसतात.

९. तक्त्यात क्रमांकाच्या रकान्याच्या डोक्यावर ‘Standard’ लिहिलंय, त्यावर क्लिक करा.
पूर्ण रकाना रंगीत होतो.

१०. तक्त्याच्या वर ‘Column type’च्या यादीतून ‘Text’ निवडा.
रकान्याच्या डोक्यावर ‘Standard’च्या जागी ‘Text’ दिसतं. तसं दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, पायरी ९ पुन्हा करा.

११. ‘OK’ बटणावर क्लिक करा.
यादी उघडते. पहिल्या रकान्यात क्रमांक पुढच्या शून्यांसकट दिसतात.

एका ओळीच्या अकरा झाल्या म्हणून घाबरू नका. करायची कामं पूर्वीइतकीच आहेत, फक्त ती आता दिसतात. कागद लांबला असं तुमचे साहेब म्हणाले तर दोन्ही कागद दोन केंद्रांवर देऊन किती वेळात यादी उघडते ते घड्याळ लावून दाखवा.

यात दोन गोष्टी मी मुद्दाम केल्यात. पहिली अशी की आकडा फक्त माणसाच्या कामाला दिलाय. ‘विंडो उघडते’ हे संगणकाचं काम आहे, त्याला आकडा दिला तर वाचणाऱ्याला वाटतं हेही आपणच करायचंय, आणि तो ती विंडो दुसऱ्यांदा उघडायला जातो. ते आकड्याखाली, थोडं आत सरकवून लिहा. क्रियापदानेही फरक दाखवा: माणसाला ‘करा, निवडा, लावा’, आणि संगणकाला ‘उघडते, दिसते’. तुमचं ‘करावे’ आणि सरकारी पत्रातलं ‘केले जाते’ हे दोन्ही काढा. ‘यादी उघडली जाते’ यात उघडणारा कोण, हेच समजत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘पाहून’ हे मी कुठेही काम म्हणून ठेवलेलं नाही. ‘व्यवस्थित येत असल्याचे पाहून’ यात व्यवस्थित म्हणजे काय ते वाचणाऱ्याने ठरवायचं होतं. त्याऐवजी ज्या क्लिकमुळे बदल होतो त्याच्याच खाली काय दिसतं ते लिहिलंय. चूक झाली तर ती त्याच जागी सापडते, शेवटी सापडत नाही. शून्यांच्या बाबतीत याला फार किंमत आहे. ‘OK’ झाल्यावर गेलेली शून्यं परत येत नाहीत. मग रकान्याला ‘Text’ स्वरूप दिलं तरी 417 तसाच राहतो, कारण मूळ शून्यं त्या पानावर उरलेलीच नसतात. फाइल बंद करून पहिल्यापासून उघडणं एवढाच उपाय. म्हणून ‘पुढे जाऊ नका’ हे दहाव्या पायरीखाली आहे, अकराव्याखाली नाही. धोक्याची ओळ त्या क्लिकच्या आधी वाचली जायला हवी.

पायऱ्यांचा क्रमही तपासून ठेवलाय. रकाने स्वल्पविरामावरून पडतात, म्हणून ७ आणि ८ आधी, आणि रकान्यावर क्लिक त्यानंतर. रकाने पडलेच नाहीत तर ‘क्रमांकाचा रकाना’ या शब्दांना अर्थ नाही.

आठव्या पायरीत चार चौकोन एकत्र का, असं तुम्ही विचाराल. नियम काटेकोर लावला तर चार पायऱ्या हव्यात. पण ते चौकोन जवळजवळ आहेत, काम एकच आहे आणि नजर कागदाकडे परत न येता ते पुरं होतं. माझी कसोटी तीच आहे: मध्ये कागदाकडे बघावं लागतं का? लागत असेल तर आकडा वेगळा. ‘नाव टाइप करून Enter दाबा’ हे मी एकत्रच ठेवते, कारण हात कीबोर्डवरच असतो. मात्र Enter ने पावती फाटत असेल किंवा पैसे जमा होत असतील तर Enter ला स्वतःचा आकडा देते. १ आणि २ सुद्धा सरावाच्या माणसासाठी ‘File’ मेनूतल्या ‘Open’वर क्लिक करा, असं एकाच ओळीत चाललं असतं. केंद्रावर नवीन मुलं बदलत राहतात म्हणून मी तोडलं.

कधी बटणावर नावच नसतं, नुसतं चित्र असतं. तुमच्या या कामात ते आलं नाही, पण पुढे क्रम लावायची पायरी लिहाल तेव्हा येईल. तिथे ‘ते बाणाचं चिन्ह’ असं लिहू नका, बाणाची चिन्हं पाच-सहा असतात. माउस त्या चित्रावर क्षणभर धरला की छोटं नाव दिसतं, ते घ्या आणि सोबत लिहा की माउस धरल्यावर हे नाव दिसतं. वाचणाऱ्याला खात्री करायचा मार्ग मिळतो.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आवृत्ती लिहा. ‘Help’ मेनूत ‘About LibreOffice’ उघडलं की ती दिसते. बटणांची नावं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, आणि फोन आला की पहिला प्रश्न तुम्हाला हाच विचारायचा आहे.

छापण्याआधी एकदा माणसावर चालवून बघा. कधीही ही यादी न उघडलेला कुणीतरी घ्या, संकलनाला बसणारा मुलगाही चालेल. कागद द्या, मागे उभं राहा आणि तोंड बंद ठेवा, ते फार अवघड जातं. त्याचा माउस ज्या पायरीवर घुटमळला त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल करा. त्याने ‘हे का?’ विचारलं तर उत्तर देऊ नका, प्रश्न लिहून घ्या. दोन वेगळ्या माणसांचा गोल एकाच आकड्यावर पडला की ती पायरी अजून फोडायची आहे किंवा तिथलं नाव चुकलंय.

एक मर्यादा आधीच सांगते. तुमच्या जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये भरलेल्या असतील, तर सहावी पायरी कितीही बिनचूक केली तरी नावं मराठीत येणार नाहीत. तेव्हा ‘à¤’ दिसत नाही, साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं मिसळून दिसतात. अशा ओळी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. सहाव्या पायरीखाली त्यासाठी एक ओळ घाला, ‘इंग्रजी अक्षरं मिसळून दिसत असतील तर थांबा आणि कार्यालयात कळवा.’ नाहीतर तो माणूस ‘Character set’ची लांबलचक यादी एकेक करून चाचपत बसेल.

आणि कागदाच्या तळाशी ‘शून्यं गेली तर’ असा छोटा मथळा देऊन परतीची वाटही याच पद्धतीने लिहा:

१. वरच्या मेनूपट्टीत ‘File’वर क्लिक करा.

२. उघडलेल्या यादीत ‘Close’वर क्लिक करा.

३. बदल सेव्ह करायचे का असं विचारणारी विंडो आली तर ‘Don't Save’ बटणावर क्लिक करा.
इथे ‘Save’ दाबलं तर मूळ फाइलमधलीही शून्यं जाऊ शकतात.

४. वरच्या पायरी १ पासून पुन्हा सुरू करा.

तिसऱ्या पायरीतलं ‘आली तर’ सोडू नका. यादी उघडून काहीच बदल केला नसेल तर ती विंडो येत नाही, आणि ‘Don't Save’ शोधत बसलेल्या माणसाचा फोन पुन्हा तुम्हालाच येईल.